केकचा दर वाढवताना ग्राहकांना काय लिहावं?

पत्र

मी सांगलीत घरून एगलेस केक करते. दोन वर्षांपासून साधा क्रीम केक किलोला ७५० आणि थीम केक किलोला १००० असा माझा दर आहे. अर्धा किलो निम्म्या दरात देते. आता परवडत नाही, म्हणून थीम केक १२०० करायचा विचार आहे. ग्राहकांना पाठवायला नोट लिहिली आहे. तिची सुरुवात अशी: "सर्वप्रथम मनापासून क्षमस्व. कोको, बटर, क्रीम, मैदा, बॉक्स सगळंच महागल्यामुळे नाइलाजाने दर वाढवावे लागत आहेत, कृपया समजून घ्या..." नोट बरीच लांब झाली आहे. मिस्टर म्हणतात, सरकारने जीएसटी कमी केला असताना लोक उलट प्रश्न विचारतील. सोसायटीतल्या एक काकू तर नेहमी म्हणतात, "घरीच तर करतेस, एवढे कशाचे?" कुणी दुखावणार नाही आणि कुणी तुटणारही नाही अशी नोट कशी लिहू? सोबत जंगल थीमच्या एक किलो केकचा खर्च जोडला आहे.

— एक होम बेकर

उत्तर

ताई, तुम्ही खर्चाचा कागद जोडलात हे फार बरं केलंत, कारण या प्रश्नाचं उत्तर नोटेपेक्षा त्या कागदातच जास्त आहे. प्रीमिक्स ६०, व्हिपिंग क्रीम ९०, गनाश ६५, फॉन्डंट आणि जेल रंग १००, बोर्ड-बॉक्स-काड्या ८५, वीज २५ आणि वाया जाणाऱ्या मालाचे ३५. एकूण ४६० रुपये. हिशोब काटेकोर आहे. साधारणपणे वाया गेलेला माल कुणी धरत नाही, तुम्ही तोही धरला आहे. फक्त एक ओळ त्यात नाही, ती तुमच्या वेळेची.

मी अंदाजाने ती भरून पाहिली. स्पंज भाजणं आणि त्याच्या आगेमागेची कामं दीड तास. क्रीम फेटणं, थर लावणं, फिनिशिंग एक तास. सिंह, हत्ती आणि जिराफ हाताने घडवायला अडीच तास. ते केकवर बसवणं, गवत-पानं लावणं पाऊण तास. ग्राहकाशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं, सामान आणणं, केक हातात देणं यात पाऊण तास. भांडी आणि ओटा अर्धा तास. हे सात तास झाले. हजारातून ४६० वजा केले की ५४० उरतात, म्हणजे तासाला साधारण ७७ रुपये. यातून ओव्हन, बीटर आणि टर्नटेबल कधीतरी नवीन घ्यावे लागतील ते वेगळंच.

आता हाच जंगल केक कुणी अर्ध्या किलोचा मागितला तर? प्राणी तेवढेच तीन, फक्त थोडे लहान. ओव्हन तेवढाच वेळ अडकतो, ग्राहकाशी बोलणंही तेवढंच. सामान साधारण ३१५ रुपयांचं लागेल आणि वेळ सहा तास. तुम्ही घेता ५००. म्हणजे सहा तासांचे १८५ रुपये, तासाला जेमतेम ३१. दोन किलोच्या केकला मात्र सामान ८५० रुपयांचं आणि वेळ नऊ तास धरला तरी तासाला सव्वाशेच्या वर पडतात. थोडक्यात, दोन किलोवाला ग्राहक अर्ध्या किलोवाल्याच्या प्राण्यांचे पैसे भरतो आहे आणि उरलेले तुम्ही.

म्हणून मला तुमच्या १२०० या आकड्याबद्दल शंका आहे. तो फार जास्त आहे असं मला म्हणायचं नाही. तो चुकीच्या ठिकाणी लावला आहे. किलोमागे २०० वाढवले की दोन किलोवाल्याला एकदम ४०० जास्त पडतात, जिथे तुमचं आधीच बरं चाललं होतं. आणि अर्ध्या किलोवर फक्त १०० वाढतात, त्यातून तासाचे ३१ चे ४७ होतात. जो ग्राहक टिकायला हवा तो दुखावेल आणि जी ऑर्डर तुम्हाला रात्री बारापर्यंत जागवते ती तशीच राहील. मग सहा महिन्यांनी पुन्हा दरवाढ, पुन्हा क्षमस्व.

थीम केकमध्ये दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. केक वजनावर वाढतो. हातकाम वजनावर वाढत नाही. ब्लाउज शिवायला टाकताना आपण कापडाचे पैसे वेगळे देतो, शिलाई वेगळी देतो आणि आरी वर्क हवं असेल तर त्याचे आणखी वेगळे, आणि त्यावर कुणी भांडत नाही. केकचंही तसंच करा. साधा क्रीम केक, नाव आणि साधी नक्षी धरून, अर्धा किलो ५००, एक किलो ८५०, दोन किलो १६००. हाताने केलेली फॉन्डंटची प्रत्येक आकृती १५०. गवत-पानं हवी तर आकृत्यांबरोबर तशीच द्या.

या दराने तुमचा जंगल केक पुन्हा मांडू. एक किलो केक ८५० अधिक तीन प्राणी ४५०, म्हणजे १३००. सामान वजा जाता ८४० उरतात, सात तासांचे तासाला १२०. दोन किलोचा केक २०५० ला जातो. आधी तो २००० ला होता, म्हणजे मोठी ऑर्डर देणाऱ्याला वाढ जवळपास जाणवणारच नाही. अर्ध्या किलोचा तीन प्राण्यांचा केक मात्र ५०० वरून ९५० वर जाईल, आणि तिथे काहीजण नक्की मागे फिरतील. ते तुम्ही आधीच मनाशी मान्य करायला हवं. साध्या अर्ध्या किलोचे ३७५ वरून ५०० होतात, तेही टोचेल. पण त्या केकलाही ओव्हन तापवणं, क्रीम फेटणं आणि भांडी घासणं चुकत नाही.

मागे फिरणाऱ्याला दार बंद करू नका, पर्याय द्या. १००० रुपयांत त्याला एक किलो केक आणि एक सिंह मिळतो. किंवा खाता येणारं छापील चित्र, तेही १५० मध्ये लावता येईल. किंवा ग्राहकाने घरातले प्लास्टिकचे प्राणी स्वच्छ धुऊन आणून द्यावेत, तुम्ही हिरव्या क्रीमचं जंगल करून द्या. लहान मुलाला तेच जास्त आवडतं, कारण केक संपल्यावर हत्ती खेळायला राहतो. बजेट कमी असेल तर काम कमी करायचं, तेच काम कमी पैशांत करायचं नाही. नव्या दरांतली ही एक गोष्ट कसोशीने पाळा.

दोन धोके आहेत. एक म्हणजे दर न वाढवता गुपचूप सामान बदलण्याचा मोह. स्वस्त क्रीम उन्हाळ्यात लवकर ढासळते आणि तोंडात तेलकट थर ठेवते. ग्राहकाला कारण सांगता येत नाही, पण पुढच्या वाढदिवसाला तो दुसरीकडे जातो. वाढलेला दर तुम्ही कधीही समजावून सांगू शकता, बिघडलेली चव कशी समजावणार? दुसरा धोका माझ्या तासांच्या आकड्यांचा. ते अंदाज आहेत. नोट पाठवण्याआधी पुढच्या तीन-चार थीम केकना मोबाइलचं स्टॉपवॉच लावून प्रत्येक टप्पा लिहून ठेवा. तुमचा हात माझ्या अंदाजापेक्षा चपळ असेल तर आकृतीचा दर १२० ठेवा. आकृत्यांत टायलोज पावडर घालून त्या दोन-तीन दिवस आधी वाळवत असाल तर तेही लक्षात येईल, आणि ऑर्डर किमान किती दिवस आधी हवी हे ठरवता येईल. पावसाळ्यात फॉन्डंटला घाम सुटतो, वाळायला आणखी वेळ लागतो, तेव्हा एखादा दिवस जास्त धरा.

आता नोटेकडे येऊ. तुमच्या मसुद्यात सामानाची मोठी यादी आहे. त्यातली भीती मला कळते. सामान महागलं असं म्हटलं की दोष आपल्यावर येत नाही. पण सामानाचं कारण पुढे केलं की सामानाच्या भावाबरोबर तुमचा दरही उतरायला हवा, असं ग्राहक म्हणणारच. कोकोचंच पाहा. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथलं पीक हवामानाने आणि रोगाने बिघडलं आणि वर्षानुवर्षं टनाला दोन-तीन हजार डॉलरच्या आसपास असलेला भाव एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात १० हजारांच्या वर गेला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १२ हजारांच्याही वर. मग २०२५ मध्ये तो मोठ्या प्रमाणात खाली आला. ज्यांनी 'कोको महागला' म्हणून दर वाढवले, त्यांना हे सांगावं लागतं की भाव उतरल्यावर त्यांनी दर का उतरवले नाहीत.

शिवाय तुमच्या गनाशमध्ये डार्क कंपाउंड आहे. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलापासूनची चरबी असते, त्यामुळे कोकोच्या भावाचा फटका तिथे खऱ्या चॉकलेटइतका बसत नाही. नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीमही मुख्यतः पाम कर्नेल तेलापासून बनते, म्हणून बटरच्या भावाचं कारण क्रीम केकला लावता येत नाही. चौकस ग्राहक हे विचारू शकतो. नोटेत एकही वाक्य असं नको जे तुमच्याच स्वयंपाकघरात खरं ठरणार नाही. 'उत्तम प्रतीचं चॉकलेट' असंही लिहू नका, 'डार्क कंपाउंड' लिहायला काहीच हरकत नाही.

मिस्टरांचा मुद्दा रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक-पेस्ट्रीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, चॉकलेटवरचाही १८ चा ५ झाला, बटरवरचा १२ चा ५. पण महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि तुम्ही नोंदणीकृत नाही असं मी धरते. म्हणजे तुम्ही केकवर जीएसटी घेतच नव्हता, त्यामुळे तो कमी होण्याचा प्रश्न नाही. बटर-चॉकलेटच्या खरेदीत जे थोडे पैसे वाचले असतील ते तुमच्या ४६० मध्ये आलेलेच आहेत. कुणी विचारलं तर एवढंच सांगा, "मी केकवर जीएसटी लावत नव्हते. हा बदल हातकामाच्या वेळेमुळे आहे." नोटेत मात्र हा विषय काढू नका. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं की आणखी दहाजणांना तो प्रश्न सुचतो.

नोटेतून क्षमस्व काढा, नाइलाज काढा, 'समजून घ्या' काढा. यात नम्रता कमी होते असं तुम्हाला वाटेल. पण माफीने सुरू झालेली नोट वाचणाऱ्याला सांगते की हा दर तुम्हालाच पटलेला नाही, आणि मग घासाघीस सुरू होते. ग्राहकाला खरं तर चारच गोष्टी हव्या असतात. कधीपासून, किती, माझ्या आधीच्या ऑर्डरचं काय, आणि मला कमी पैशांत काय मिळेल. मी असं लिहीन, तारखा तुमच्या सोयीच्या घाला:

> नमस्कार,
>
> १ तारखेपासून माझ्याकडच्या केकचे दर बदलत आहेत.
>
> आतापर्यंत थीम केकचा दरही किलोवर होता. यापुढे केक आणि त्यावरचं हातकाम यांचे पैसे वेगळे असतील.
>
> एगलेस क्रीम केक, नाव आणि साध्या नक्षीसह: अर्धा किलो ५००, एक किलो ८५०, दोन किलो १६०० रुपये.
>
> हाताने केलेली फॉन्डंटची प्रत्येक आकृती: १५० रुपये. खाता येणारं छापील चित्र: १५० रुपये. आकृत्यांचं वजन केकच्या वजनात धरलेलं नाही.
>
> एक आकृती घडवायला पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो आणि केक लहान असो की मोठा, तो तेवढाच लागतो. म्हणून ही पद्धत.
>
> या महिनाअखेरपर्यंत आगाऊ रक्कम देऊन नोंदवलेल्या ऑर्डर जुन्या दरानेच मिळतील, वाढदिवस पुढच्या महिन्यात असला तरी.
>
> आकृत्यांच्या केकसाठी किमान पाच दिवस आधी कळवा. बजेट सांगितलंत तर त्यात बसणारं डिझाइन मी सुचवेन.

यात वजनाची ओळ का आहे ते सांगते. 'किलोभर केक सांगितला होता, यात प्राण्यांचंच वजन जास्त' ही तक्रार थीम केकवर येतेच, आणि आकृतीचे वेगळे पैसे घ्यायला लागल्यावर ती जास्त टोकदार होईल. आता किलो म्हणजे स्पंज आणि क्रीम मिळून किलो, आकृत्या त्यावर. ते काट्यावर दाखवता आलं पाहिजे, म्हणून आकृत्या बसवण्याआधी केक बोर्डसकट तोलून फोटो काढून ठेवा आणि रिकाम्या बोर्डचं वजन लिहून ठेवा.

नोट सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे एकीने "बापरे" लिहिलं की तिच्यामागे चारजणी लिहितात, ज्यांना वैयक्तिक काहीच अडचण नव्हती. ब्रॉडकास्ट लिस्टने पाठवा, पण लक्षात ठेवा की ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोहोचत नाही. गेल्या वर्षभरात दोनदा किंवा जास्त वेळा केक घेतलेल्यांची यादी काढा आणि त्यांना एकेकीला नावाने पाठवा. त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग आणि इन्स्टाग्रामवरचं जुनं दरपत्रक काढा. नव्या दरपत्रकावर महिना आणि वर्ष छापा, कारण जुनी चित्रं वर्षभर फिरत राहतात आणि कुणीतरी ती पुढे करतंच. अंमल सुरू होण्याच्या तीन-चार आठवडे आधी कळवा. नाताळच्या किंवा लग्नसराईच्या ऐन आठवड्यात नको, तेव्हा कळवलं तर लोकांना अडवणूक वाटते.

राहिल्या काकू. "घरीच तर करतेस" यात त्यांचा वाईट हेतू असेलच असं नाही. त्यांच्या पिढीने स्वयंपाकघरातल्या तासांचे पैसे कधी मोजले नाहीत, कुणी त्यांचेही मोजले नाहीत. त्यांना भाड्याचं, विजेचं गणित सांगत बसू नका, त्याने वाद वाढतो. प्रेमाने नेमकं बोला, "काकू, केक ८५० चा आहे आणि प्राणी १५० ला एक. नातवासाठी दोनच घेतले तर ११५० मध्ये बसेल. कुठले दोन करू?" बोलणं दरावरून प्राण्यांवर येतं. सवलत मात्र माणसागणिक देऊ नका. एकाच इमारतीत दोन दर राहिले तर आठवड्यात सगळ्यांना कळतं. अगदी जवळच्या कुणाचं मन राखायचं असेल तर केक पूर्ण दराने द्या आणि चार कपकेक आपल्याकडून भेट म्हणून द्या.

कुणीच तुटणार नाही असं आश्वासन मी देऊ शकत नाही. अर्ध्या किलोवर चार-पाच आकृत्या हव्या असणारे काही ग्राहक जातील. नवे दर लागू झाल्यावर दोन महिने वहीत तीन रकाने ठेवा: किती जणांनी विचारलं, किती जणांनी ऑर्डर दिली, आणि त्यातले किती थीम केक कमी आकृत्यांवर आले. विचारणारे तेवढेच राहिले आणि ऑर्डर थोड्या कमी झाल्या, पण महिन्याची शिल्लक वाढली, तर दर बरोबर आहेत, हात लावू नका. एक किलोचे जुने ग्राहकही विचारायचे थांबले तर आकृतीचा दर पुन्हा पाहा. केकचा ८५० मात्र तसाच ठेवा, कारण तो तुमच्या खर्चाच्या कागदावर उभा आहे.